रात्री दहाचं छत: धुळ्यातल्या एका गल्लीच्या उन्हाळी नोंदी

12 एप्रिल

आज काम ठरलं. आठवीची परीक्षा संपली की जी चार मुलं गावाला जाणार नाहीत, ती माझ्यासोबत उन्हाळाभर गल्लीचा ताप मोजणार. भूगोलाच्या पुस्तकात शहर आजूबाजूच्या भागापेक्षा गरम असतं, त्याला उष्णतेचं बेट म्हणतात, एवढी ओळ आहे. त्यातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, किती गरम? आणि कधी?" त्यातला दुसरा प्रश्न मला फार आवडला. पुस्तकात त्याचं उत्तर नाही.

गल्ली जुन्या धुळ्यातली. रुंदी बारा फुटांच्या आत, दोन्ही बाजूंना बहुतेक दुमजली घरं, तेवीस छतं. पूर्वी इथे सगळी धाब्याची घरं होती. लाकडी कड्या, वर माती, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी पांढरट खाऱ्या मातीचा थर. आता स्लॅब आहेत, काळपटलेले, आणि पाच घरांवर पत्रे. गल्लीत झाड एकही नाही. दोनशे पावलांवर एक मोकळं मैदान आहे, त्याच्या कडेला चार जुने कडुलिंब.

शेवटच्या घरातल्या जिभाऊंना भेटलो. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. ते म्हणाले, "बाई, दिन कसातरी निंघी जास. रातले जीव नको नको व्हस." वहीच्या पहिल्या पानावर हेच वाक्य लिहिलं.

18 एप्रिल

सहा छोटे नोंदयंत्र मिळाले. दर दहा मिनिटांनी हवेचं तापमान आपोआप टिपतात. लगेच कुठेही टांगायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. आधी सहाही एकाच टोपलीत घालून वर्गाच्या मधोमध सावलीत रात्रभर ठेवले. सकाळी पाहिलं तर पाच जणांच्या आकड्यांत 0.3 अंशाचा फरक, आणि सहावा सगळ्यांपेक्षा 1.1 अंशाने जास्त. तो बाजूला काढला. नाहीतर तो ज्या घरी लागला असता, ते घर उगाच "तापलेलं" ठरलं असतं.

यावरून एक मर्यादा आम्ही लिहून ठेवली: दोन जागांतला फरक अर्ध्या अंशापेक्षा कमी असेल तर त्याला फरक म्हणायचं नाही.

कुंड्यांखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या एकावर एक, मध्ये बोटभर फट ठेवून, लांब बोल्टने जोडल्या. यंत्र आत. ऊन आत शिरत नाही, वारा मात्र खेळतो. जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, भिंतीपासून हातभर लांब टांगायचं. हवामान खात्याची ती पांढरी जाळीदार पेटी असते, तिचीच ही गरिबाघरची बहीण.

एक यंत्र शहराबाहेर सहा किलोमीटरवर, एका विद्यार्थ्याच्या काकांच्या शेतात. बाकीची गल्लीत आणि मैदानात.

25 एप्रिल

पहिल्या आठवड्याचे आकडे उतरवले आणि मुलांचे चेहरे पडले. दुपारी तीनला शेतात सरासरी 42.6 अंश, गल्लीत 41.9. म्हणजे शेत गल्लीपेक्षा गरम! मुलगा म्हणाला, "मॅडम, बेट उलटं आहे. आपला प्रकल्प गेला."

मी म्हटलं, खाली बघ, रात्रीकडे जा. रात्री दहाला शेतात 31.2 आणि गल्लीत 34.9. पहाटे पाचला शेतात 25.8, गल्लीत 29.4. साडेतीन अंशांहून जास्त फरक, आणि तो सातही रात्री.

मग शेताचा फोटो पुन्हा पाहिला. कपाशी काढून, नांगरून पडलेली काळी जमीन. हिरवं पान नाही, ओल नाही. अशी जमीन दुपारी ऊन गिळते आणि वरची हवा तापवते. हेच यंत्र रावेर-यावलकडच्या पाणी पाजलेल्या केळीच्या बागेत असतं तर दुपारचा आकडा वेगळा दिसला असता. आणि आपली गल्ली अरुंद असल्यामुळे दुपारी तिच्या तळाशी भिंतींची सावली असते. म्हणून खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत भरदुपारी शहर आणि शेत यांची तुलना केली की काहीच हाती लागत नाही, कधीकधी उलटंच दिसतं. इथलं बेट रात्री वर येतं.

हे काही आम्हालाच पहिल्यांदा दिसलेलं नाही. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचा औषधं बनवणारा माणूस हवामानाच्या नोंदी ठेवायचा. 1818 च्या सुमारास त्याने लिहिलं की शहराची रात्र बाहेरच्या गावापेक्षा 3.7 फॅरनहाइट अंशांनी, म्हणजे आपल्या मापाने दोन अंशांनी गरम असते, आणि दिवस उलट किंचित थंड. दोनशे वर्षांपूर्वीचा तो धुरकट थंडीचा देश आणि आपला हा रखरखीत तापीखोरा, तरी घडण तीच. मुलांना हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे परत फुलले.

27 एप्रिल

गल्ली रात्री का निवत नाही, हे समजून घ्यायला आज एक सोपं काम केलं. फोन गल्लीच्या मध्यावर जमिनीवर उताणा ठेवला आणि सरळ वरचा फोटो काढला. तोच प्रकार मैदानाच्या मध्यावर आणि शेतात. मग आलेख-कागदावर छापून आकाशाचे चौकोन मोजले. शेतात जवळपास सगळं आकाश. मैदानात दहातले आठ भाग. गल्लीत फक्त पाव, तेही तारा आणि वाळत घातलेले कपडे धरून.

तापलेली जमीन रात्री आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी आकाशाकडे सोडते. आकाश मोकळं असेल तर ती गेली ती गेली. गल्लीत मात्र रस्त्याने सोडलेली उष्णता समोरच्या भिंतीवर जाते, भिंत ती पुन्हा रस्त्याकडे टाकते. जिभाऊंच्या ओट्यावर संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून बसलं की हे पुस्तकाशिवाय कळतं. पाठ शेकते.

गल्ली रुंद करणं आमच्या हातात नाही. भिंती पाडणंही नाही. पण प्रत्येक घराचा एक भाग असा आहे, ज्याला पूर्ण आकाश दिसतं आणि जो दिवसभर सर्वांत जास्त ऊन खातो: छत. धुळं साधारण 20.9 उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर. भिंतींना तिरकं ऊन, छताला सरळ. पुढचा महिना छतांवर जाणार.

2 मे

आज एक चूक झाली, तिची नोंद नीट ठेवते.

अवरक्त तापमापी, म्हणजे ती पिस्तुलासारखी मशीन, तिने दुपारी अडीचला छतं मोजली. काळपट स्लॅब 61 अंश. जुना गंजका पत्रा 64. आणि मागच्याच वर्षी घातलेला चकचकीत नवा पत्रा फक्त 39! मुलांनी वहीत लिहूनही टाकलं की नवा पत्रा सगळ्यांत थंड. त्या घरच्या आक्का खालून ओरडल्या, "थंड? हात लावा बरं." एकाने लावला आणि झटक्यात मागे घेतला.

ही मशीन पृष्ठभागातून निघणाऱ्या किरणांवरून तापमान काढते. चुना, माती, सिमेंट, गंज हे सगळे आपल्या तापमानाप्रमाणे भरपूर किरण सोडतात. चकचकीत धातू मात्र फार कमी सोडतो, आणि आरशासारखा वरच्या आकाशाचेच किरण मशीनकडे परत पाठवतो. आम्ही पत्रा मोजत नव्हतो, बरंचसं आकाश मोजत होतो. उपाय साधा: पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा घट्ट चिकटवायचा, दहा मिनिटं थांबायचं, आणि फक्त टेपवर नेम धरायचा. टेपचं तापमान पत्र्याइतकंच होतं, पण ती खरं बोलते. आकडा आला 63.

यातून दुसरंही कळलं. चकचकीत पत्रा बरंच ऊन परतवतो, पण जेवढी उष्णता आत घेतो, तेवढी किरणांनी बाहेर टाकू शकत नाही, म्हणून तापतो. छताला दोन्ही गुण लागतात: ऊन परतवणं आणि साठलेली उष्णता सोडणं. चुन्यात दोन्ही आहेत.

रात्री नऊला परत गेलो. पत्रा 30 अंश, हवेपेक्षाही थंड. स्लॅब 44.

5 मे

स्लॅब रात्री एवढा तापलेला का राहतो, याचं गणित आज फळ्यावर केलं. पाच इंची स्लॅबच्या एका चौरस मीटरचं वजन जवळपास 300 किलो. तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत 15 अंशांनी निवला, तर जेवढी उष्णता सोडतो, ती साधारण 1 युनिट विजेइतकी. म्हणजे हजार वॅटचा हीटर तासभर. जिभाऊंच्या एका खोलीवर दहा चौरस मीटर स्लॅब आहे. दहा हीटर तासभर. ही सगळी उष्णता खाली येत नाही, मोठा भाग वर आकाशात जातो, पण खाली येणारा भाग नेमका झोपायच्या वेळी येतो.

वेळेचं कारणही तपासलं. छताचा वरचा पृष्ठभाग अडीचच्या सुमाराला सर्वांत गरम होतो. खालचा, म्हणजे खोलीतून दिसणारा, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. उष्णतेला पाच इंच उतरायला साडेतीन तास लागतात. बाहेर ऊन कलतं तेव्हा आत दुपार होते. जिभाऊंना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग हाऊ स्लॅब म्हणजे रातनी चूल शे." इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

पत्र्याच्या घराचं दुःख वेगळ्या वेळेचं आहे. पत्र्यात साठवण जवळपास नाहीच. आक्का दिवसभर घरी शिवणकाम करतात, त्यांची भट्टी अकरा ते पाच. जिभाऊंची संध्याकाळी सात ते पहाट. उपाय ठरवताना आधी हे विचारायला हवं की त्या घरात कोण, कोणत्या वेळी असतं.

8 मे

आखाजी दोन दिवसांवर. घरोघरी साफसफाई चालूच आहे, म्हणून चुन्याला कोणी नाही म्हटलं नाही.

जिभाऊंच्या दोन खोल्या शेजारी-शेजारी, सारख्या मापाच्या, खिडक्या एकाच बाजूला, वर एकच सलग स्लॅब. अर्धा स्लॅब पांढरा करायचा, अर्धा तसाच. त्यामुळे "त्या दिवशी वारा जास्त होता" असली पळवाट उरणार नाही.

चुनकळी मी मुलांच्या हातात देणार नव्हते. ती पाण्यात पडली की उकळते, उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. विरवलेल्या चुन्याची पिशवी आणली. तरीही चष्मे आणि हातमोजे सक्तीचे. पाच किलो चुना रात्रभर भिजवला, फडक्यातून गाळला, रंगाच्या दुकानातला पांढरा डिंक पाव किलो घातला. दुधापेक्षा जरा दाट.

सकाळी झाडून, घासून छत स्वच्छ केलं, पण यातच अकरा वाजले. तरी हात मारून घेतला. संध्याकाळी बोट फिरवलं तर बोट पांढरं. रांगोळीसारखी भुकटी सुटत होती.

चूक माझी. चुना नुसता वाळून धरत नाही. ओला असताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेतो आणि त्याचा दगड बनतो. तापलेल्या स्लॅबने दहा मिनिटांत पाणी पिऊन टाकलं, दगड व्हायला वेळच मिळाला नाही. गल्लीतले एक जुने गवंडीदादा खालून बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "दिन बुडू द्या, मंग मारा."

11 मे

आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातला परत चढलो. भुकटी झाडून काढली. छतावर पाणी मारलं, ते जिरू दिलं, पुन्हा मारलं. स्लॅब ओलसर पण वर पाणी साचलेलं नाही, अशा वेळी पहिला हात उभा. पातळच. जाड मारला की पापुद्रे निघतात. सकाळी साडेपाचला हलका शिपका, आणि ऊन यायच्या आत दुसरा हात आडवा. त्या दिवशी छतावर दोनदा ओलं पोतं फिरवलं.

आज बोट फिरवलं. बोट कोरडंच.

18 मे

सात दिवसांचे आकडे. दुपारी अडीचला काळपट अर्धा भाग सरासरी 60.8, पांढरा 45.6. त्या वेळी हवा 43 च्या आसपास. म्हणजे पांढरा भाग हवेपेक्षा थोडाच गरम, काळा जवळपास अठरा अंशांनी. मे महिन्याच्या दुपारी दर चौरस मीटरवर साडेनऊशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. काळपट सिमेंट त्यातला जेमतेम पाचवा भाग परतवतं. ताजा चुना सत्तर टक्के तरी परतवतो.

पण मला हवा होता तो रात्रीचा आकडा. रात्री दहाला काळ्या भागाखालचं आतलं छत 41.8, पांढऱ्याखालचं 36.9. खोलीतली हवा 37.6 आणि 35.4.

मुलगी म्हणाली, "हवेत फक्त दोनच अंश?" प्रश्न बरोबर आहे. पण झोपलेल्या माणसाला फक्त हवा लागत नाही. डोक्यावर 42 अंशांचं छत असेल तर ते रात्रभर अंगावर किरण टाकत राहतं. अंगाची कातडी 35 च्या आसपास असते. छत तिच्यापेक्षा सात अंश गरम असणं आणि जेमतेम दोन अंश गरम असणं, यात फार फरक आहे. त्यात पंखा छताजवळची तापलेली हवाच खाली ओढतो. जिभाऊंनी आपली बाज तिसऱ्याच रात्री पांढऱ्या बाजूच्या खोलीत हलवली होती. आम्ही सांगितलं नव्हतं.

22 मे

आज मैदान. कानावर आलंय की मैदानात सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवायचा विचार आहे, धूळ होते म्हणून. त्याआधी ते जसं आहे तसं मोजून ठेवायचं होतं.

दुपारी अडीचला मैदानाच्या मध्यावरची कोरडी माती 58.7. लिंबाखालची 39. पाहून मुलगा म्हणाला, मैदान तर स्लॅबइतकंच तापतं, मग मोकळी जागा थंड कशी? मग वीतभर खड्डा खणून आत काच-तापमापी घातली: 35. सैल कोरड्या मातीत हवा भरलेली असते, उष्णता खाली उतरतच नाही. वरचं बोटभर कातडं तेवढं भाजतं. साठा नाही, म्हणून रात्री द्यायलाही काही नाही. रात्री दहाला तीच माती 31.4. जवळच्या चौकात ठोकळे बसवलेले आहेत, ते 37.2. गल्लीतला काँक्रीट रस्ता 38. आणि मैदानावरची हवा गल्लीपेक्षा 2.4 अंशांनी कमी.

लिंबाचं काम दुपारचं. गुलमोहर, साग यांच्याकडे आत्ता सावलीपुरतं पान नाही. लिंब, पिंपळ, करंज यांना मात्र चैत्रात नवी पालवी येऊन मे महिन्यात भरगच्च सावली असते. त्याखालची हवा बाहेरच्यापेक्षा 1.2 अंशच कमी निघाली. तरी हातगाडीवाला तिथून हलत नाही, कारण ऊन अडलंय आणि पायाखालची जमीन वीस अंशांनी थंड आहे. शिवाय पान पाणी सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे पाऊण युनिटच्या आसपास उष्णता लागते, ती झाड हवेतून आणि उन्हातून घेतं. मात्र मुळांना ओल मिळाली तरच. कोरड्यात झाड पानांची छिद्रं मिटून घेतं आणि मग उरते ती फक्त सावली.

रात्री मात्र झाडाखालची माती 33, मोकळ्या मातीपेक्षा दीड अंश जास्त. पानांनी आकाश झाकलेलं असतं. म्हणजे मैदान झाडांनी गच्च भरलं तर रात्रीची मोकळीक थोडी जाईल. आमचं मत असं झालंय: झाडं कडेने, विशेषतः पश्चिमेच्या कडेने, म्हणजे तिसऱ्या प्रहराचं ऊन अडेल, आणि मधला भाग मातीचाच, मोकळा. धुळीसाठी पाणी मारावं, ठोकळे नकोत. हे आकडे घेऊन मी प्रभागाच्या बैठकीला जाणार आहे. मला मनापासून वाटतं की ती माती वाचली पाहिजे. रात्री साडेआठनंतर गल्लीतली म्हातारी माणसं तिथेच येऊन बसतात.

25 मे

आज दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभ्या काठीची सावली नाहीशी झाली. मुलं छतावर नाचली.

तेवढ्यात समोरच्या दुमजली घराच्या मावशी खिडकीतून म्हणाल्या, "पोरी, तुन्हा चुनानं ऊन मन्हा डोयावर येस." गेलो त्यांच्या घरी. खरंच, जिभाऊंचं छत एक मजला खाली, आणि त्यावरचा उजेड थेट त्यांच्या खिडकीत. भिंत मोजली: चुन्यासमोरचा भाग बाकीच्या भिंतीपेक्षा 3 अंशांनी गरम. ऊन परतवलं म्हणजे ते कुठेतरी जातंच. आकाशात गेलं तर ठीक, वाटेत उंच भिंत आली तर ती तापते.

त्यांच्या बाजूचा चार फुटांचा पट्टा आम्ही तसाच ठेवला, त्यावर जिभाऊंच्या वेलीच्या कुंड्या मांडल्या. आणि मावशींचं छत पुढच्या यादीत सर्वांत वर घेतलं. सगळी छतं एका उंचीची असती तर हा प्रश्न आला नसता. इथून पुढे आधी आजूबाजूची उंची पाहायची, मग चुना भिजवायचा.

आक्कांच्या पत्र्यावर चुना धरत नाही, उन्हात पत्रा ताणतो आणि पापुद्रे सुटतात. तिथे धातूवरचा पांढरा रंग मारला. दुपारी 63 चे 49 झाले. पण त्या रंगाला चुन्याच्या कित्येक पट पैसे पडले, हेही लिहून ठेवते.

2 जून

तेवीसपैकी अकरा छतं पांढरी. मग गल्लीची हवा थंड झाली का? सगळे हेच विचारतात. आकडे: रात्री दहाला गल्ली आणि शेत यांतला फरक एप्रिलअखेर 3.7 होता, आता 3.4. आम्हीच ठरवलेल्या अर्ध्या अंशाच्या मर्यादेच्या आतला. म्हणून वहीत लिहिलं: गल्लीच्या हवेत फरक दिसला, असं म्हणता येत नाही.

एका गल्लीची हवा शहराच्या हवेत मिसळलेली असते. अर्ध्या गल्लीने शहर निवत नाही, त्याला सगळ्या वस्तीची छतं लागतील. अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे 2017 मध्ये गरीब वस्त्यांची छतं पांढरी करायला घेतली, तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. ती मापं मोठी आहेत. आमच्या अकरा घरांना मात्र आपापल्या छताखाली चार-पाच अंशांचा फायदा झाला, तो शेजाऱ्याने चुना मारला की नाही यावर अवलंबून नाही.

16 जून

काल रात्री दणकून पाऊस. सकाळी गल्लीच्या गटारीत दुधाळ पाणी. मुलगी धावत आली, "मॅडम, सगळा चुना गेला!"

वर जाऊन पाहिलं. उताराच्या बाजूला पट्टे उडालेत, बाकी धरलंय. जिथे आम्ही घाईत ओलं पोतं फिरवलं नव्हतं, नेमकं तिथूनच गेलंय. पावसाआधीच महिनाभराच्या काळ्या धुळीने छत मळकट झालं होतं. शेवटच्या कोरड्या दुपारचा आकडा 49, म्हणजे ताज्या चुन्यापेक्षा तीन अंशांनी जास्त. झाडून, पाण्याने धुतलेल्या हातभर जागेवर तो 46.5 होता. पंधरवड्याला एकदा झाडू मारायला हवा होता.

सगळा चुना टिकला नाही याचं मला वाईट वाटत नाही. धुळ्याची थंडी कडक असते, डिसेंबर-जानेवारीत जिभाऊंना छताची ती ऊब हवीच असते. धाब्यावरची खारी मातीही दरवर्षी नव्याने घालत होते. हे काम वर्षाचं आहे: होळी झाली की छत घासायचं, सूर्य बुडाल्यावर पहिला हात.

अर्धी पिशवी चुना उरलाय. तो जिभाऊंच्या माळ्यावर ठेवला, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, तोंड सुतळीने आवळून. दमट हवा लागली तर चुना पिशवीतच दगड होऊन बसतो, आणि मग तो छताला धरत नाही. मैदानाच्या पश्चिम कडेला सात खड्डे खणून झालेत. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. उद्या रोपवाटिकेत जाऊन चार लिंब आणि तीन करंज आणायचे आहेत.